अर्धवट कामाचा पूर्ण हिशेब

शहराच्या कडेला सरकारी भूखंडाभोवती पत्र्याचे कुंपण असते. आत दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेले कॉलम, त्यांच्या डोक्यावर तांबूस पडलेल्या सळया आणि फाटकापाशी 'काम प्रगतिपथावर आहे' असा फलक. वर्ष उलटले तरी आत माणूस दिसत नाही. अशी इमारत पाहिली की येणारे-जाणारे दोनच तर्क करतात: ठेकेदार पळाला असेल, नाहीतर कोणीतरी पैसे खाल्ले असतील. पुष्कळदा त्यातला एक खराही निघतो. पण काही ठिकाणी तिसरेच कारण असते. ज्या कार्यालयासाठी इमारत बांधायला घेतली ते दुसऱ्या कार्यालयात विलीन झालेले असते, किंवा रस्त्याची आखणी बदललेली असते, किंवा नव्या सरकारने योजनाच गुंडाळलेली असते. ठेकेदाराने वेळेत आणि चांगले काम केलेले असते, फक्त मालकाला आता ते काम नको असते.

मग ठेकेदाराचे काय होते? त्याने यंत्रे आणली, मजूर वसवले, स्टील विकत घेतले, बँकेत हमी ठेवली. या सगळ्याची भरपाई जनतेच्या तिजोरीतून होते, म्हणून तिचा हिशेब कसा लागतो हे ठेकेदार नसलेल्यांनीही समजून घ्यायला हवे.

आपण घर बांधायला दिले आणि मध्येच मन बदलले, तर तो सरळसरळ करारभंग होतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ सांगते की करार मोडणाऱ्याने त्यामुळे स्वाभाविकपणे झालेले नुकसान भरून द्यावे. बांधकामाच्या बाबतीत, काम पुरे झाले असते तर जो नफा मिळाला असता तोही या नुकसानीत धरता येतो. सरकारी खात्यांनी ही अडचण आधीच ओळखून करारातच एक दार ठेवले आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे सीपीडब्ल्यूडी, याच्या सर्वसाधारण अटींमध्ये ते कलम १३ आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ करारात ते कलम १५ मध्ये सापडते. कार्यालयात याला 'फोरक्लोजर' म्हणतात. ठेकेदारांच्या बोलण्यात मात्र 'काम क्लोज केले' एवढेच येते.

सीपीडब्ल्यूडीचे कलम १३ आधी पाहू, कारण त्यात हिशेबाची रीत सविस्तर लिहिलेली आहे. निविदा स्वीकारल्यानंतर किंवा काम चालू असताना मागाहून उद्भवलेल्या एखाद्या कारणाने कामाचा हेतूच बदलला आणि त्यामुळे काम सोडून द्यावे किंवा कमी करावे लागले, तर प्रभारी अभियंत्याने ठेकेदाराला लेखी नोटीस द्यायची. तिच्यात निर्णय हवा आणि त्याचे कारणही हवे. त्यानंतर ठेकेदाराला काय मिळणार हे ठरलेले आहे. झालेल्या कामाचे पूर्ण पैसे कराराच्या दराने मिळतात. जागेवर आणलेले, किंवा पुरवठादाराकडून घेणे ज्याला कायद्याने बंधनकारक झाले आहे असे साहित्य सरकार आपल्याकडे घेऊ शकते. त्याची किंमत ठरवताना खरेदीची किंमत आणि वाहतूक धरतात, आणि ठेकेदाराच्या ताब्यात असताना माल खराब झाला असेल तर तेवढी घट करतात. शिवाय तीन प्रकारच्या खर्चांची वाजवी भरपाई मिळते: तात्पुरते रस्ते, मजुरांच्या झोपड्या, साइट ऑफिस, पाण्याच्या टाक्या अशा पूर्वतयारीचा वाया गेलेला भाग, यंत्रसामग्री परत नेण्याचा खर्च, आणि बाहेरून आणलेले मजूर व साइटवरचे कर्मचारी यांना परत पाठवण्याचा खर्च. या तिन्हींची बेरीज मात्र राहिलेल्या कामाच्या किमतीच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये.

हे आकड्यांत घालून पाहू. पुढचे उदाहरण हिशेबासाठी कल्पिलेले आहे.

कराराची रक्कम २० कोटी रुपये आहे. नोटीस आली त्या दिवशी ६ कोटींचे काम झाले होते. त्यातले ५ कोटी २० लाख चालू बिलांतून मिळालेले होते, म्हणजे ८० लाख येणे होते. साइटवर १०० टन स्टील पडून होते. ६० हजार रुपये टनाने त्याची खरेदी ६० लाखांची होती. वाहतुकीचा दीड लाख त्यात मिळवला आणि गंजलेल्या सळयांपोटी तेवढाच कमी केला, तर सरकारने घेतलेल्या स्टीलचे ६० लाखच राहतात. आता राहिलेले काम काढायचे. २० कोटींतून झालेले ६ कोटी आणि ताब्यात घेतलेल्या मालाचे ६० लाख वजा केले की १३ कोटी ४० लाख उरतात. त्याचे २ टक्के २६ लाख ८० हजार होतात. इतर तिन्ही खर्चांचे छप्पर एवढेच.

ठेकेदाराने झोपड्या, रस्ता, ऑफिस आणि टाक्यांवर २४ लाख खर्च केले होते. काम ३० टक्के झाल्यामुळे ३० टक्के उपयोग होऊन गेला असे धरले, तर वाया गेलेला भाग १६ लाख ८० हजारांचा होतो. बॅचिंग प्लांट आणि क्रेन खोलून त्याच्या कायमच्या गोदामात नेण्याचा खर्च ९ लाख आहे आणि जवळच्या दुसऱ्या कामावर नेण्याचा ६ लाख. कलम सांगते की यातला जो कमी तोच द्यायचा, आणि यंत्रे प्रत्यक्षात कुठेच नेली नाहीत तर काहीच द्यायचे नाही. म्हणून ६ लाख. माणसे परत पाठवायला ३ लाख. बेरीज २५ लाख ८० हजार होते, ती छपराच्या आत बसते. सगळे मिळून १ कोटी ६५ लाख ८० हजार रुपये. पण काम सुरू करताना घेतलेल्या उचलीतले, म्हणजे मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्समधले, ७० लाख अजून फेडायचे राहिले असतील तर ते यातून वळते होणार. हातात ९५ लाख ८० हजार पडतील आणि बँक हमी व अनामत मोकळी होईल.

आता हेच काम ६ कोटींवर थांबण्याऐवजी १७ कोटींवर थांबले असे समजा, आणि साइटवर २० लाखांचा माल उरला आहे. राहिलेले काम २ कोटी ८० लाखांचे, त्याचे २ टक्के ५ लाख ६० हजार. झोपड्या-ऑफिसचा वाया गेलेला भाग आता १५ टक्केच, म्हणजे ३ लाख ६० हजार. क्रेन आणि बॅचिंग प्लांट मात्र तेवढेच जड आहेत, त्यांना न्यायला ६ लाख लागणारच. माणसांच्या परतीचे ३ लाखही तसेच. खर्च १२ लाख ६० हजार आणि मिळणार ५ लाख ६० हजार. हे २ टक्क्यांचे छप्पर सुरुवातीला थांबलेल्या कामाला पुरते आणि शेवटाकडे थांबलेल्या कामाला तोकडे पडते. यंत्रे हलवण्याचा खर्च राहिलेल्या कामाच्या प्रमाणात घटत नाही, हे साधे सत्य या सूत्रात धरलेले नाही. माझ्या मते यंत्रे आणि माणसे हलवण्याचा खर्च पावत्या पाहून या छपराबाहेर काढायला हवा. पूर्वतयारीच्या खर्चाला टक्क्याची मर्यादा राहिली तरी चालेल.

या हिशेबात एक रक्कम कुठेच आली नाही. राहिलेल्या १४ कोटींच्या कामावर ठेकेदाराला जो नफा सुटला असता, ती. सीपीडब्ल्यूडी दरांचे पृथक्करण करताना ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च यांसाठी १५ टक्के धरते, साडेसात नफ्याचे आणि साडेसात वरखर्चाचे. निविदा त्याच दराने भरली असेल तर १४ कोटींतला नफ्याचा वाटा सुमारे ९१ लाखांचा होतो. कलम १३ याबाबतीत अगदी स्पष्ट आहे: काम पुरे झाले असते तर जो नफा किंवा लाभ मिळाला असता, त्याबद्दल कोणताही दावा चालणार नाही. केलेल्या कामाच्या दरातच त्या कामाचा नफा असतो, तो ठेकेदाराला मिळतो. न केलेल्या कामाचा नफा मिळत नाही.

हा विचार कुठवर ताणला गेला आहे ते अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसते. १९५७ मध्ये लुइझियाना राज्यातल्या फोर्ट पोल्क या लष्करी तळावर २००० घरे बांधण्याचे कंत्राट दिले गेले. काम जेमतेम दोन टक्के झाले असेल, तेवढ्यात लष्कराने तो तळच बंद करायचे ठरवले आणि १९५८ च्या सुरुवातीला कंत्राट संपवले. ठेकेदाराच्या बाजूने राहिलेल्या कामावरच्या नफ्यापोटी पन्नास लाख डॉलरहून अधिक मागण्यात आले. मागणीला आधारही होता, कारण सरकारी सोयीसाठी काम बंद करण्याचे कलम त्या करारात लिहिलेलेच नव्हते. जी. एल. ख्रिश्चन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १९६३ मध्ये लागला. न्यायालय म्हणाले की खरेदीच्या नियमांनुसार असे कलम करारात असणे सक्तीचे होते, म्हणून ते लिहिलेले नसले तरी करारात आहे असेच धरायचे. नफ्याचा दावा गेला. अमेरिकेच्या सरकारी कंत्राटांच्या कायद्यात आजही हा निकाल आधार म्हणून सांगितला जातो.

आपल्याकडे असे न लिहिलेले कलम करारात वाचण्याची रीत नाही. इथे सगळे लिहिलेल्या अटींवर चालते, आणि म्हणूनच नोटिशीवर कोणते कलम लिहिले आहे याला इतके महत्त्व आहे. ठेकेदार कामचुकार आहे म्हणून करार रद्द करायचा असेल तर सीपीडब्ल्यूडीमध्ये ते कलम ३ खाली होते. त्यात अनामत आणि कामगिरीची हमी जप्त होते, आणि पुढच्या निविदांमध्येही त्याचा डाग आडवा येतो. काम नको झाले म्हणून थांबवायचे असेल तर कलम १३. आपली योजना फसली हे कागदावर यायला नको, म्हणून एखाद्या अधिकाऱ्याने ठेकेदारावर उशिराचा ठपका ठेवून कलम ३ लावले आणि पुढे लवादापुढे तो ठपका टिकला नाही, तर सरकारकडे कलम १३ ची ढाल उरत नाही. मग तो करारभंग ठरतो आणि कलम ७३ चे दार उघडते.

त्या दाराआड काय असते याचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे उदाहरण म्हणजे ए. टी. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल. रस्त्याच्या कामाचे ते कंत्राट होते. सरकारने चुकीने करार मोडला असेल तर ठेकेदाराला राहिलेल्या कामावरचा अपेक्षित नफा मिळायला हवा असे न्यायालयाने म्हटले, आणि उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के हा नफा वाजवी धरला. आपल्या उदाहरणात १४ कोटींचे १५ टक्के म्हणजे २ कोटी १० लाख. म्हणजे कलम १३ ची योग्य नोटीस असेल तर नफ्याचे शून्य, आणि चुकीचे कलम लावून ते हरले तर दोन कोटींवर, शिवाय व्याज. अर्थात १५ टक्के आपोआप मिळतात असे समजू नये. ऑल इंडिया रेडिओविरुद्धच्या युनिब्रॉस प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की नफा बुडाल्याचा विश्वासार्ह पुरावा नसेल तर केवळ सूत्रात आकडे घालून रक्कम मागता येणार नाही. ते प्रकरण कामाला झालेल्या विलंबाचे होते, पण पुराव्याची अपेक्षा इथेही तीच राहील.

कलम १३ ला आणखी एक कुंपण आहे. कामाचा हेतू बदललेला हवा आणि तो मागाहून आलेल्या कारणाने बदललेला हवा. दुसरा ठेकेदार स्वस्तात करून देतो, म्हणून पहिल्याचे काम 'क्लोज' करून तेच काम नव्या निविदेने दुसऱ्याला देणे यात बसत नाही. इमारत हवीच आहे, माणूस तेवढा नको आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या फिडिक करारांच्या १९९९ च्या आवृत्तीत तर हे उघड लिहिलेले होते: स्वतः ते काम करण्यासाठी किंवा दुसऱ्याकडून करून घेण्यासाठी मालकाने या अधिकाराचा वापर करू नये. म्हणून बंद पडलेल्या कामाची नवी निविदा काही महिन्यांत त्याच जागेसाठी, त्याच नकाशावर निघाली, तर पहिल्या नोटिशीतले कारण पुन्हा वाचून पाहावे.

महाराष्ट्राच्या बी-१ करारातले कलम १५ याहून सैल आहे. ठेकेदाराची कसूर सोडून कोणत्याही कारणाने अभियंता पूर्ण काम किंवा त्याचा भाग थांबवायला सांगू शकतो. ठेकेदाराने काम सुरक्षित टप्प्यावर आणून थांबवायचे, म्हणजे स्लॅबचे काँक्रीट अर्धे टाकून जायचे नाही. भरपाईचा हात मात्र इथे आखडता आहे. पूर्ण काम थांबवले तर ठेकेदाराने नोटिशीपासून ९० दिवसांत कागदपत्रांनी सिद्ध करायचे की अमुक साहित्य नोटीस येण्यापूर्वीच घेतले होते किंवा घेण्याचा करार केला होता. ते साहित्य उरलेल्या कामाच्या गरजेपेक्षा जास्त नसेल आणि दर्जात बसत असेल, तर सरकार ते विकत घेते, पण ठेकेदाराने दिलेल्या किमतीपेक्षा जास्त देत नाही. क्रेन परत नेण्याचा किंवा झोपड्यांचा खर्च देण्याची सीपीडब्ल्यूडीसारखी यादी त्यात नाही.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त नुकसान मात्र नोटीस न येण्याने होते. वरून फोन येतो, शाखा अभियंता साइटवर येऊन सांगतो, "जरा थांबा, वरचा निर्णय व्हायचाय." कागद काहीच नाही. ठेकेदार पुढच्या कामाच्या आशेने अधिकाऱ्याला दुखवत नाही. रखवालदाराचा पगार, भाड्याच्या सेंट्रिंग प्लेटा, बँक हमीचे कमिशन, उचलीवरचे व्याज सगळे चालूच राहते. लेखी आदेश नसल्याने यातला एक रुपयाही कोणत्या कलमात बसवायचा हे सांगता येत नाही. उलट मुदत उलटली की उशीर ठेकेदाराच्याच खाती पडतो. लेखी आदेश असेल तर बी-१ करारात सुटकेची वाट आहे: पूर्ण काम सलग ९० दिवसांहून अधिक थांबलेले असेल, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत १० दिवसांची लेखी सूचना देऊन ठेकेदार करारातून बाहेर पडू शकतो आणि अंतिम मोजमाप व अंतिम बिल मागू शकतो. ते ३० दिवस गेले की ही वाट बंद होते. म्हणून तोंडी निरोप आला त्याच दिवशी संध्याकाळी ठेकेदाराने पत्र द्यावे, की आज अमुक वाजता आपल्या तोंडी सूचनेवरून काम थांबवले आहे, साइटवर एवढी माणसे, एवढी यंत्रे आणि एवढा माल आहे, कृपया लेखी आदेश द्यावा. या पत्राची आवक-शिक्क्याची प्रत हाती असेल, तरच पुढच्या सगळ्या हिशेबाला सुरुवातीची तारीख मिळते.

दुसरी निर्णायक गोष्ट म्हणजे संयुक्त मोजमाप. काम बंद होताना दोन्ही बाजूंची माणसे टेप घेऊन साइटवर उतरतात आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंदी करतात. उभा कॉलम मोजणे सोपे. पायाचे खोदकाम, पीसीसीचा थर, जमिनीखालच्या फूटिंगमधले स्टील हे सगळे मातीखाली गेलेले असते. ते झाकण्याआधी एमबीत चढले नसेल तर वर्षभराने कोणी मान्य करत नाही. अर्धवट कामाची अडचण वेगळीच असते: सळया बांधून झाल्या आहेत, सेंट्रिंग लागले आहे, काँक्रीट पडलेले नाही. निविदेत दर आहे तो पुऱ्या झालेल्या काँक्रीटचा. अशा वेळी स्टीलची नोंद 'बांधलेले' म्हणून घ्यायची की 'साइटवरचा माल' म्हणून, यावरून लाखाचे फरक पडतात आणि दोन्हीकडे धरल्याने दुहेरी पैसेही जातात. तसेच ऑर्डर दिलेल्या पण न आलेल्या मालाचे. लिफ्टची ऑर्डर पक्की आहे, आगाऊ रक्कम दिली आहे आणि माल घेणे बंधनकारक आहे हे खरेदी आदेशावरून दिसले तर कलम १३ मध्ये तो विचारात घेता येतो. पुरवठादाराशी झालेले बोलणे चालत नाही.

नोटीस निघाल्यावर पंधरा दिवसांच्या आत, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी, झाकलेल्या कामांच्या जुन्या नोंदींसह आणि साइटवरच्या प्रत्येक मालाच्या यादीसह हे मोजमाप पुरे करायची सक्ती करारातच असायला हवी. तारखेचे फोटो प्रत्येक पानाला जोडावेत. पाऊस एकदा येऊन गेला की गंजलेले स्टील आणि चोरीला गेलेले सिमेंट यांचा वाद कोणालाच सोडवता येत नाही, आणि लवादाचा खर्च व व्याज शेवटी करदात्याच्याच माथी पडते.

आपल्या गावातल्या अशा एखाद्या सांगाड्याबद्दल काही जाणून घ्यायचे असेल तर माहितीच्या अधिकारात तीन कागद मागावेत: काम थांबवण्याची नोटीस, शेवटच्या मोजमापाची पाने आणि अंतिम बिल. नोटिशीत कलमाचा क्रमांक आणि कारण आहे का, मोजमापाची तारीख नोटिशीच्या किती जवळची आहे, आणि अंतिम बिलात उचलीची वसुली झाली आहे का, एवढे पाहावे. नोटीसच नाही असे उत्तर आले, तर ते काम कागदोपत्री अजून चालूच आहे.